दुकानातल्या सामाईक लॅपटॉपची नोंदवही : आठ महिन्यांचा अनुभव

गुहागरला आमचं कोकणमेव्याचं दुकान आहे. लॅपटॉप एकच आणि हात चार : मी, भावोजी, गल्ल्यावरचा मुलगा आणि चिपळूणहून रिमोटने बसणारे अकाउंटंट. पूर्वी सगळे एकाच नावाने बसायचे, त्यामुळे हिशोबात काही इकडचं तिकडे झालं की नुसते अंदाज चालत. गेल्या जूनमध्ये दुकानात बसणाऱ्या तिघांची विंडोजमध्ये वेगळी खाती केली आणि `nond.bat` नावाची दोन ओळींची फाइल बनवली:

```
@echo off
echo %date% %time% %1 %username% >> C:\Nond\nond.txt
```

टास्क शेड्युलरमध्ये तीन कामं लावली : लॉगइन झालं की IN, स्क्रीन लॉक झाली की LOCK, उघडली की UNLOCK. हा शब्द आर्ग्युमेंटच्या रकान्यात द्यायचा. काम कोणाच्या नावाने चालवायचं तिथे `Users` हा गट निवडायचा, नाहीतर दुसऱ्यांच्या नोंदी पडत नाहीत. नोंद ठेवतो हे बाकीच्या दोघांना आणि अकाउंटंटना पहिल्याच दिवशी सांगितलं. चोरून ठेवायची मला इच्छा नव्हती.

जुलैत नोंदींना भोकं दिसायला लागली. अख्खी दुपार कोरी, पण बिलं मात्र झालेली. आधी वाटलं कोणीतरी ओळी पुसतंय. मग लक्षात आलं, कोरे तास म्हणजे नेमके लाइट गेलेले तास. टास्कच्या कंडिशन्समध्ये 'चार्जर जोडलेला असेल तरच चालव' ही खूण आपोआप आलेली असते. लॅपटॉप बॅटरीवर गेला की नोंद बंद. तिन्ही कामांतली खूण काढली आणि उरलेल्या पावसाळ्यात एकही भोक पडलं नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा हे पहिल्या दिवशीच करा.

खरी परीक्षा नोव्हेंबरात झाली. कोकम आगळाच्या साठ्यातून १२ बाटल्या कमी झालेल्या. बिलिंगमध्ये बदलाची तारीख होती, वेळ नव्हती, आणि तिथे सगळ्यांचं लॉगइन एकच. त्या दिवशीच्या `nond.txt` मध्ये दुपारी १:२२ ला मुलाचा UNLOCK, २:३० ला LOCK. आम्ही रिमोटसाठी टीमव्ह्यूअर वापरतो, त्याची `Connections_incoming.txt` उघडली तर तिथे अकाउंटंटचं कनेक्शन १३:४० ते १४:०५. म्हणजे मुलाच्या बसण्याच्या बरोबर मध्ये. तो म्हणाला, "काकी, दुपारी कोणी जोडलंच नव्हतं." माझा विश्वास बसला नाही आणि मी त्याला चार शब्द सुनावले.

संध्याकाळी अकाउंटंटना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मी सातनंतर बसलो होतो. हॉटेलला गेलेल्या बारा बाटल्यांचं बिल राहिलं होतं, ते घातलं." तेव्हा उलगडलं. ही फाइल वेळ यूटीसीमध्ये लिहिते, आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १३:४० म्हणजे आपले संध्याकाळचे ७:१०. खात्री करायला दुसऱ्या दिवशी घड्याळात ११ वाजताना त्यांना जोडायला सांगितलं, फाइलमध्ये ०५:३० उमटलं. त्याच दिवशी मुलाची माफी मागितली.

पण त्याच तपासात मोठी गोष्ट कळली. `nond.txt` मध्ये ६:५५ ला UNLOCK होता तो माझा. मी लॅपटॉप उघडून दिला, फोनवर पासवर्ड सांगितला आणि दिवेलागणीला घरात गेले. अशा रिमोट सॉफ्टवेअरने येणारा माणूस समोर उघड्या असलेल्या खात्यावरच बसतो, त्याचं वेगळं लॉगइन होत नाही. विंडोजच्या दृष्टीने त्या बारा बाटल्या मीच कमी केल्या होत्या. म्हणून कोण जोडलं हे पाहायला दोन्ही फाइली शेजारी ठेवाव्या लागतात, साडेपाच तास मिळवून. आता मी दर शनिवारी तसं करते, दहा मिनिटांत होतं.

मर्यादाही आहेत. `nond.txt` ज्याला लिहिता येते त्याला पुसताही येते. शंका आली तर मी इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये 4624 हा क्रमांक बघते. त्यात लॉगइनची नोंद असते आणि साध्या खात्यावरून ती पुसता येत नाही. मात्र 4624 च्या बऱ्याच ओळी विंडोजच्या आतल्या सेवांच्या असतात. `Logon Type` समोर 2 आणि खात्याचं नाव आमच्या तिघांपैकी असेल तर तो माणूस स्वतः लॅपटॉपसमोर बसून आत आलेला. हा लॉग भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात, म्हणून त्याचा आकार मी वाढवून ठेवलाय.

आणि साठ्यातला बाटल्यांचा आकडा कोणी बदलला, हे यातलं काहीच सांगत नाही. ते बिलिंग सॉफ्टवेअरलाच माहीत असतं, तेही प्रत्येकाला तिथे वेगळं नाव दिलं तर. डिसेंबरात आम्ही ती चार नावं केली. आता अकाउंटंट बसले की बदलापुढे त्यांचंच नाव येतं, लॅपटॉप कोणीही उघडून दिलेला असो.