फर्स्ट, बेस्ट की वर्स्ट फिट: उरलेला तुकडा विसरू नका

मेमरीतले मोकळे ब्लॉक क्रमाने १५०, ३५०, २००, ५०० केबी. प्रोसेसच्या मागण्या क्रमाने १८०, ३४०, ३००.

फर्स्ट फिट पहिला पुरेसा ब्लॉक धरतो: १८० जाते ३५० मध्ये, ३४० जाते ५०० मध्ये. मग ३०० ला जागाच नाही. मोकळी मेमरी ६८० केबी आहे, पण सर्वांत मोठा तुकडा २०० चा. हेच एक्स्टर्नल फ्रॅग्मेंटेशन.

बेस्ट फिट सर्वांत लहान पुरेसा ब्लॉक निवडतो: २००, ३५०, ५००. तिन्ही मागण्या बसतात.

वर्स्ट फिटमध्येच मार्क जातात. १८० सर्वांत मोठ्या ५०० मध्ये जाते, ३२० उरतात. ३४० साठी ३५० वापरला, आणि ३०० त्या उरलेल्या ३२० मध्ये बसते. मात्र प्रश्नात फिक्स्ड पार्टिशन, म्हणजे एका ब्लॉकमध्ये एकच प्रोसेस, असे म्हटले असेल, तर तो ३२० वापरता येत नाही आणि ३०० ताटकळते.