विहिरींच्या नकाशाचे रंग: आठ महिने वापरल्यानंतर

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या गावांसाठी आम्ही विहिरींच्या पाणीपातळीचे नकाशे काढतो. ग्रामसभेत त्यांच्या झेरॉक्स वाटल्या जातात. रंगीत प्रिंट एकच, तीही सरपंचांच्या टेबलावर. त्यामुळे क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या तयार रंगपट्ट्या पडद्यावर कशा दिसतात हे मला फारसं कामाचं नाही. झेरॉक्सवाल्याकडून परत आल्यावर त्यांचं काय उरतं, त्यावर हा अनुभव लिहितोय.

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. पाणी खोल गेलं तर लाल, वर असेल तर हिरवं, म्हणजे RdYlGn पट्टी, पाच टप्पे. नकाशा सुंदर दिसला. आमच्यातलाच मोजणी करणारा एक मुलगा गप्प बसून होता. शेवटी म्हणाला, "दादा, बोरी नदीकाठचं आणि हे वरचं, दोन्हीकडे सारखंच पाणी आहे का?" नदीकाठ गडद हिरवा होता आणि वरचा भाग लाल. त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे तीन वर्षं सोबत काम करून मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात झेरॉक्स आली आणि नारिंगी व फिकट हिरवा टप्पा एकच होऊन गेला. म्हणून गणित करून पाहिलं. रंगाची करडी छटा ढोबळमानाने अशी निघते:

```
0.299*R + 0.587*G + 0.114*B
```

शून्य म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. या पट्टीतला नारिंगी #fdae61 येतो 189 वर आणि फिकट हिरवा #a6d96a सुद्धा 189 वर! टोकाचा लाल 82, टोकाचा हिरवा 103. म्हणजे मशीनचा दोष नव्हताच, पट्टीच तशी आहे. मधला पिवळा सर्वात उजळ आणि दोन्ही टोकं गडद. त्या मुलाचीही अडचण इथेच होती: रंगावरून फरक कळत नसेल तर उजेड-अंधारावरून तरी कळावा लागतो, आणि तोही इथे जवळपास नाही.

मग YlGnBu घेतली. छटा 249, 197, 149, 109, 58, अगदी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. त्या मुलाला पाचही टप्पे ओळखता आले, झेरॉक्सही स्वच्छ. मी खूश. ग्रामसभेत मात्र एका आजोबांनी रंगीत प्रतीतल्या सर्वात गडद निळ्यावर बोट ठेवलं: "भाऊ, आठे ते मोप पानी शे!" तिथे पाणी 20 मीटरखाली होतं. खोली वाढेल तसा निळा गडद होत गेला, आणि गडद निळा म्हणजे भरपूर पाणी असं कोणीही वाचणार. चूक माझी.

आता वापरतो ती YlOrBr, पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत. गडद म्हणजे कोरडं, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तीही जशीच्या तशी चालली नाही. पहिल्या दोन टप्प्यांच्या छटा 250 आणि 220 आहेत. आमच्या मशीनवर 40 पेक्षा कमी फरक टिकत नाही, दोन्ही कागदाएवढे पांढरे येतात. म्हणून वरचे दोन टप्पे एकत्र केले. आता चारच रंग आहेत: #ffffd4, #fe9929, #d95f0e, #993404. शिवाय प्रत्येक गावशिवाराला बारीक काळी हद्द आणि आत टप्प्याचा आकडा. गडद तपकिरीवर काळा आकडा हरवतो, तिथे आकड्याभोवती पांढरी कड द्यायची.

`View → Preview Mode` मध्ये करड्या आणि रंगांधत्वाच्या छटा लगेच पाहता येतात. सोय उत्तम, पण टोनर कमी झालेलं मशीन ती दाखवत नाही. एक प्रत काढून पाहण्याला पर्याय नाही. आणि थर पारदर्शक करून खाली डोंगराची सावली ठेवलीत तर वरचं सगळं गणित बिघडतं, कारण सावलीच्या जागी पिवळाही तपकिरीएवढा गडद होतो. मी सावली काढूनच टाकली.

एका ठिकाणी मात्र रंग हरले. पावसाआधी आणि पावसानंतर पाणी किती चढलं-उतरलं, हा नकाशा. त्याला मधे फिकट आणि दोन्ही टोकांना गडद अशी पट्टी लागते. BrBG घेतली तर लाल-हिरवं न कळणाऱ्याचं भागतं, पण करड्यात चढ आणि उतार सारखेच काळे. शेवटी उतरलेल्या भागावर तिरप्या रेघा मारल्या. एक मिलिमीटर अंतराच्या रेघा झेरॉक्सवर चिकटून डाग झाल्या, दोन मिलिमीटरच्या टिकल्या. रंगीत प्रतीवर त्या रेघा जरा गचाळ दिसतात, सरपंचांनी तसं बोलूनही दाखवलं.