लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड, की सरळ डेस्कटॉप?

हिंजवडीत नोकरी, हाताशी थंडरबोल्ट ४ पोर्टचा पातळ लॅपटॉप आणि रात्री गेम खेळायची हौस. अशांपुढे दोन वाटा असतात: ग्राफिक्स कार्ड बाहेरच्या एन्क्लोजरमध्ये बसवून केबलने जोडायचं, किंवा तेच कार्ड घालून छोटा डेस्कटॉप बांधायचा.

खरी अडचण केबलची. डेस्कटॉपमध्ये पूर्ण सोळा लेनच्या पीसीआयई ४.० स्लॉटमधून एका दिशेने सेकंदाला सुमारे ३१ जीबी जाऊ शकतात. थंडरबोल्ट ३ किंवा ४ वर ४० गिगाबिट लिहिलेलं असलं, तरी कार्डाच्या वाट्याला प्रत्यक्षात साधारण ३ जीबीच येतात. बहुतेक गेमना ३१ लागतही नाहीत. पण ३ मात्र कमी पडतात.

त्यातून लॅपटॉपच्याच स्क्रीनवर खेळलात, तर कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम त्याच केबलने परत यावी लागते. १९२०×१०८० ची एक फ्रेम सुमारे ८ एमबी. सेकंदाला १०० फ्रेम म्हणजे ८०० एमबी. मॉनिटर थेट कार्डाला जोडला की हा हेलपाटा वाचतो. ढोबळ अंदाज असा: डेस्कटॉपवर १०० फ्रेम मिळत असतील, तर एन्क्लोजर आणि बाहेरच्या मॉनिटरवर ७५-८५, लॅपटॉपच्या स्क्रीनवर ६०-७०. गेमप्रमाणे हे बरंच बदलतं. वेगवान शूटर गेममध्ये तोटा जास्त जाणवतो. १४४०पीवर तो कमी होतो, कारण तिथे कार्डच दमतं आणि केबलला उसंत मिळते. तरी लॅपटॉपमधल्या अंगभूत ग्राफिक्सपेक्षा वेग तिपटी-चौपटीने वाढतो, हेही खरं.

केबल अडतेय की कार्ड, हे ओळखायला रिझोल्यूशन उतरवून बघा. फ्रेम फारशा वाढल्या नाहीत, तर कार्ड निर्दोष. अडथळा केबलचा किंवा प्रोसेसरचा. पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर तापला की वेग आवरतो, त्याला एन्क्लोजर काहीच करू शकत नाही. कार्ड घेताना मेमरीत काटकसर नको. ८ जीबी भरली की उरलेलं टेक्स्चर केबलमधून ये-जा करतं आणि गेम जागच्या जागी अडखळतो. डेस्कटॉपवर हाच त्रास खूप सौम्य असतो.

पैशांचं गणित माझ्या मते डेस्कटॉपच्या बाजूने झुकतं. एन्क्लोजर आणि त्याच्या पॉवर सप्लायच्या पैशांत तपकीर गल्लीत फिरलात, तर वापरलेला बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम जमून जाण्याची शक्यता बरीच आहे. जागा अगदीच तोकडी असेल आणि दिवसा काम, रात्री गेम एकाच यंत्रावर हवं असेल, तरच एन्क्लोजर. पण लॅपटॉप कंपनीचा असेल तर आधी आयटी विभागाला विचारा. बाहेरचं थंडरबोल्ट उपकरण बरेचदा बंद ठेवलेलं असतं.

आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, एन्क्लोजर मात्र तत्क्षणी बंद पडेल. गेम तर जाईलच, कधीकधी विंडोजही गोठतं. म्हणून बजेटमध्ये यूपीएस आधीच धरा.