हिरे, तेल आणि यादवी युद्ध: रिग्रेशन घ्यायचे की प्रोसेस ट्रेसिंग?

प्रबंधाचा आराखडा करताना बहुतेक जण केसेस मोजूनच पद्धत ठरवतात. देश शंभर असले तर रिग्रेशन, तीन असले तर गुणात्मक. हा हिशेब उलटा आहे. आधी आपला दावा नेमका कशाबद्दल आहे ते पाहावे. ‘सरासरी किती फरक पडतो’ असा दावा असेल तर रस्ता रिग्रेशनचा, ‘हे त्यातून कसे घडले’ असा असेल तर प्रोसेस ट्रेसिंगचा, म्हणजे एकेका प्रकरणात कारणापासून परिणामापर्यंतचा माग पुराव्यांवरून काढण्याचा. एकाच प्रश्नावर दोन्ही बाजूंनी झालेले काम पाहिले की हा फरक दिसतो.

प्रश्न असा: कच्च्या मालाच्या निर्यातीवर अवलंबून असलेल्या देशांत यादवी युद्धे जास्त होतात का, आणि होत असतील तर का?

पॉल कॉलियर आणि अँके हॉफलर यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास 161 देश आणि 1960 ते 1999 हा काळ घेतो. काळाचे पाच-पाच वर्षांचे तुकडे केलेले आहेत आणि प्रत्येक तुकड्यात युद्ध सुरू झाले की नाही ते नोंदलेले आहे. राष्ट्रीय उत्पन्नातला कच्च्या मालाच्या निर्यातीचा वाटा वाढेल तसा युद्धाचा धोका आधी चढतो आणि साधारण 33 टक्क्यांनंतर उतरतो, असे त्यांच्या मॉडेलमधून निघाले. बंडखोरांना लुटता येईल असा माल हाताशी असतो, त्यातून बंडाला पैसा उभा राहतो, हा त्यांचा एक प्रमुख अर्थ.

असे उत्तर केवळ रिग्रेशनच देऊ शकते. एखाद्या देशाची कथा कितीही बारकाईने लिहिली तरी उत्पन्न, लोकसंख्या, जुनी युद्धे हे सगळे स्थिर धरल्यावर धोका कितीने वाढतो, हे त्यातून निघत नाही.

पण आतली वीण पाहा. 161 देश आणि आठ कालखंड म्हणजे तक्त्यात हजारावर ओळी. दिसायला भक्कम. मात्र यादवी युद्धे एकूण 79 आणि आकडे गहाळ असल्यामुळे त्यातली बरीच विश्लेषणात येतच नाहीत. युद्ध झाले की नाही अशा हो-नाही उत्तरासाठी वापरल्या जाणाऱ्या लॉजिट मॉडेलचा खरा खुराक घटनांची संख्या असतो, ओळींची नव्हे. एका चलामागे दहा घटना हा ढोबळ नियम लावला तर सगळी 79 धरूनही सात-आठ चलांनंतरच मॉडेल डळमळायला लागते, आणि धोक्याचा चढ-उतार पकडायला वर्गपद टाकले की ते आणखी एक चल झाले. जेम्स फिअरन यांनी 2005 मध्ये पाच वर्षांऐवजी दरवर्षाची नोंद घेऊन आणि गहाळ आकडे शक्य तितके भरून हेच मॉडेल पुन्हा चालवले, तेव्हा कच्च्या मालाचा परिणाम टिकला नाही. आपल्या मॉडेलवर हीच परीक्षा आपणच घ्यावी: कालखंडाची लांबी बदलून पाहावी, गहाळ ओळींचे देश कोणते ते तपासावे, मानक त्रुटी देशनिहाय क्लस्टर कराव्यात. एवढ्याने चिन्ह, आकार किंवा सार्थकता बदलत असेल, तर तो गुणांक निष्कर्षात घालू नये.

दुसरी अडचण याहून खोल आहे. गुणांक बरोबर निघाला तरी तो यंत्रणेबद्दल, म्हणजे कारणातून परिणाम कोणत्या वाटेने घडला याबद्दल, गप्पच असतो. वाटा जास्त असलेल्या देशात बंडखोर माल लुटत असतील. सरकारला करांची गरज नसल्यामुळे प्रशासन पोकळ राहिले असेल. किंवा युद्धाच्या भीतीने कारखाने आधीच निघून गेले आणि मागे फक्त कच्चा माल उरला असेल, म्हणजे कारण-परिणाम उलटेच. या तिन्ही शक्यतांत धन गुणांक येऊ शकतो. नियंत्रक चले वाढवून हे सुटेल ही आशा बहुधा फोल ठरते, कारण ‘प्रशासनाची पोकळी’ मोजणारे चल स्वतःच उत्पन्नाच्या आकड्याशी बांधलेले असते.

इथे प्रोसेस ट्रेसिंगचा उपयोग होतो. मायकेल रॉस यांनी 2004 मध्ये 13 यादवी युद्धे घेतली, आणि तीही जिथे संसाधनांचा हात असण्याची शक्यता सर्वाधिक अशी. मग प्रत्येक यंत्रणा खरी असती तर कोणता पुरावा दिसायला हवा होता, हे ठरवून तो शोधला. बंड लुटीच्या पैशावर उभे राहत असेल, तर तो पैसा युद्ध सुरू होण्याआधी किंवा निदान सुरू होताना हातात आलेला असायला हवा. याला हूप टेस्ट म्हणतात: चाचणी पार केली म्हणून दावा सिद्ध होत नाही, पण पार झाली नाही तर मोठा धक्का बसतो.

सिएरा लिओनचे उदाहरण घ्या. रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट म्हणजे आरयूएफचे बंडखोर मार्च 1991 मध्ये लायबेरियातून पूर्व सीमेवर शिरले. हिऱ्यांच्या कोनो जिल्ह्यावर त्यांचा ताबा आला 1992 मध्ये. म्हणजे ‘हिरे लुटून बंड उभे राहिले’ हा क्रम जुळत नाही. मात्र त्यांना लायबेरियातले बंडखोर नेते चार्ल्स टेलर यांचा पाठिंबा होता, आणि त्यामागे पुढे मिळणाऱ्या हिऱ्यांची आशा दिसते. हिरे कारणात आहेतच, पण वाट वेगळी: हातातला माल नव्हे, भविष्यातल्या मालाची आशा. 13 प्रकरणांत रॉस यांना युद्धाआधीच्या लुटीतून पैसा उभारल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. शिवाय तेल, खनिजे आणि अमली पदार्थ यांचा संबंध दिसला, कायदेशीर शेतमालाचा नाही. रिग्रेशनमध्ये तेल, खनिजे आणि शेतमाल एकाच चलात मिसळलेले होते.

हूप टेस्टचे वजन आकड्यांत मांडून पाहावे. समजा सुरुवातीला लुटीच्या दाव्यावर 50 टक्के विश्वास आहे. दावा खरा असता तर आधीच्या पैशाचा माग सापडण्याची शक्यता 0.9, खोटा असता तर 0.5. माग सापडला नाही, तर विश्वास 0.05 भागिले 0.30, म्हणजे सुमारे 17 टक्क्यांवर येतो. पण चोरीच्या व्यवहाराचा कागदच राहत नाही, म्हणून 0.9 च्या जागी 0.6 धरला, तर विश्वास जेमतेम 44 टक्क्यांवर उतरतो. प्रोसेस ट्रेसिंग बहुतेकदा इथेच चुकते: ‘पुरावा नाही’ आणि ‘पुरावा मिळण्याची सोयच नाही’ यांत गल्लत होते. म्हणून दस्तऐवज उघडण्याआधीच ही अपेक्षा लिहून ठेवावी. नंतर लिहिली तर मनासारखी वाकते. युद्धानंतरच्या आत्मकथनापेक्षा उलटतपासणीखाली दिलेली न्यायालयीन साक्ष, आणि त्याहून त्या काळात लिहिलेला कागद, अधिक विश्वासार्ह धरावा.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. तेराही प्रकरणांत युद्ध झालेलेच आहे, त्यामुळे धोका किती वाढतो हे त्यातून सांगता येणार नाही. कोणी गुणात्मक प्रबंधाच्या शेवटी ‘म्हणून संसाधनसंपन्न देशांत युद्धे जास्त होतात’ असे लिहिले, तर परीक्षकाने ते खोडावेच.

मधली वाट म्हणून क्यूसीए, म्हणजे कोणत्या अटी एकत्र आल्या की परिणाम घडतो हे केसेसची तुलना करून शोधणारी पद्धत, सुचवली जाते. दहा ते पन्नास केसेस आणि ‘हे आणि ते दोन्ही असतील तरच’ असा दावा असेल तर ती योग्य. पण पाच अटी घेतल्या की सत्यता-तक्त्यात 32 ओळी होतात आणि वीस केसेस असतील तर निदान बारा ओळी रिकाम्याच राहतात. रिकाम्या ओळींबद्दल काय गृहीत धरले यावर उत्तर फिरते. अटी चारच्या वर नेऊ नयेत.

दोन्ही पद्धती जोडायच्या असतील तर आधी रिग्रेशन चालवून, मॉडेलने नीट पकडलेले एक-दोन देश आणि पार चुकलेला एक देश निवडून त्यांचा माग घ्यावा. पकडलेल्या देशांत अपेक्षित यंत्रणा सापडते का ते पाहायचे, चुकलेल्यात गाळलेले चल शोधायचे. मात्र मॉडेलच डळमळीत असेल, वर कालखंड बदलून पाहिला तसे, तर कोणता देश ‘चुकलेला’ हेही बदलते. अशा वेळी केसेस रेसिड्युअलवरून, म्हणजे मॉडेल किती चुकले यावरून, निवडू नयेत. रॉस यांच्यासारखे, यंत्रणा सापडण्याची शक्यता सर्वाधिक असलेली प्रकरणे घ्यावीत: तिथेही ती सापडली नाही, तर इतरत्र सापडेल ही आशा कमीच.