इटालियनमधलं ‘तो म्हणाला की…’: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

इटलीत तोरिनोला आल्यावर भाषेच्या वर्गात ‘दिस्कोर्सो इन्दिरेत्तो’चा, म्हणजे अप्रत्यक्ष कथनाचा, एक पानी तक्ता मिळाला. डावीकडे माणसाचं मूळ बोलणं आणि उजवीकडे तेच तिसऱ्याला सांगताना काळ, सर्वनामं आणि वेळेचे शब्द कसे बदलतात ते. बी-टू या मध्यम-वरच्या भाषापातळीचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत असा तक्ता असतोच. मी तो परीक्षेपेक्षा जास्त घरमालकीणबाई, सोसायटी आणि ऑफिस यांच्यातले निरोप पोचवायला वापरला, म्हणून हा अनुभव त्या अंगाने.

आपल्याला हे जड का जातं, तर मराठीत हा व्याप नसतोच. ‘प्लंबर म्हणाला, मी उद्या येतो’ एवढं सांगून आपण मोकळे. ‘मी’ म्हणजे प्लंबर, ‘उद्या’ म्हणजे त्याचा उद्या, हे ऐकणारा समजून घेतो. ‘की’ घातला तरी काळ जागचा हलत नाही. इटालियनमध्ये मात्र ‘दिस्से’, म्हणजे ‘म्हणाला’, असं भूतकाळी क्रियापद आलं, की पुढचं सगळं वाक्य सांगणाऱ्याच्या जागेवरून पुन्हा मांडावं लागतं.

खरा नमुनाच घेऊ. आमच्याकडे नळ गळत होता आणि प्लंबरचा फोन आला: ‘ओज्जी नोन पोस्सो वेनीरे, येरी मि सि ए रोत्तो इल फुर्गोने. वेर्रो दोमानी मात्तीना. से त्रोवो इल पेत्सो, लो पोर्तो इओ. क्युदेते लाक्वा!’ आज येता येत नाही, काल माझी व्हॅन बंद पडली, उद्या सकाळी येईन, तो पार्ट मिळाला तर मीच घेऊन येतो, पाणी बंद करून ठेवा.

हेच काही आठवड्यांनी घरमालकीणबाईंना लिहून कळवायचं होतं. तक्त्यानुसार ते असं झालं: ‘लिद्राउलिको दिस्से के क्वेल जोर्नो नोन पोतेवा वेनीरे, के इल जोर्नो प्रीमा ल्यी सि एरा रोत्तो इल फुर्गोने ए के सारेब्बे वेनूतो ला मात्तीना दोपो. आज्जून्से के, से आवेस्से त्रोवातो इल पेत्सो, लाव्रेब्बे पोर्तातो लुई, ए चि दिस्से दि क्युदेरे लाक्वा.’

पहिली दोन पावलं सोपी. वर्तमानातला ‘पोस्सो’ अपूर्ण भूतात जाऊन ‘पोतेवा’ झाला. ‘ए रोत्तो’ आधीच भूतकाळी होता, तो आणखी एक पायरी मागे सरकून ‘एरा रोत्तो’ झाला. ‘मि’चा ‘ल्यी’, ‘ओज्जी’चं ‘क्वेल जोर्नो’, ‘येरी’चं ‘इल जोर्नो प्रीमा’. इथवर तक्ता चोख काम करतो.

माझ्या मते तक्त्याची खरी किंमत पुढच्या ओळीत आहे. भविष्यकाळी ‘वेर्रो’चं ‘सारेब्बे वेनूतो’ होतं, म्हणजे संकेतार्थाचं संयुक्त रूप. फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकून आलेले इथे हमखास साधं रूप, ‘वेर्रेब्बे’, वापरतात, कारण त्या भाषांत तेच चालतं. आजच्या इटालियनमध्ये ते खटकतं. आपल्याला आणखी एक अडचण येते. ‘सारेब्बे वेनूतो’ ऐकताच आपण मनात ‘आला असता’ असा अर्थ लावतो, म्हणजे माणूस आलाच नाही. निरोपात या रूपातून तसं काहीच ठरत नाही. तो आला असेल, आला नसेल किंवा अजून यायचा असेल. ते पुढच्या वाक्यात सांगावं लागतं. मी पत्रात ‘इन्फात्ती आर्रिवो आल्ले नोवे’, म्हणजे खरोखरच तो नऊला आला, हे जोडलं तेव्हा कुठे हिशेब पुरा झाला.

‘जर-तर’च्या वाक्यात काहीतरी हातचं निसटतं. प्लंबर ‘मिळाला तर आणतो’ असं बऱ्यापैकी खात्रीने बोलला होता. ‘मिळालाच, तर आणेन म्हणा’ असं साशंक बोलला असता, तरी सांगताना वाक्य तेच झालं असतं: ‘से आवेस्से त्रोवातो, आव्रेब्बे पोर्तातो’. खात्रीच्या दोन छटा एकाच साच्यात बसतात आणि मागे उलगडता येत नाहीत. ‘दिस्से के एरा स्तांको’ याचंही तसंच. तो ‘दमलोय’ म्हणाला की ‘दमलो होतो’, हे या वाक्यावरून कळत नाही. उजवीकडून डावीकडे न्यायचे व्यायाम वर्गात दिले जातात, तेव्हा दोन उत्तरं बरोबर असू शकतात हे क्वचितच सांगितलं जातं.

‘दि’ आणि मूळ धातुरूपाचा छोटा मार्ग मला फार आवडतो. बोलणारा आणि करणारा एकच असेल तर ‘दिस्से दि आवेर पेर्सो ले क्यावी’, किल्ल्या आपण हरवल्या असं तो म्हणाला. निदान कोणी हरवल्या याचा तरी घोळ उरत नाही. ‘मार्को दिस्से आ पाओलो के आवेवा पेर्सो ले सुए क्यावी’ यात मात्र हरवणारा कोण आणि किल्ल्या कोणाच्या, दोन्ही अधांतरी. पण हाच मार्ग आज्ञेसाठीही आहे. ‘चि दिस्से दि क्युदेरे’ म्हणजे बंद करायला सांगितलं. त्यामुळे ‘मी येईन’चा निरोप ‘मि दिस्से दि वेनीरे’ असा आखडता घेतला, तर ‘त्याने मला यायला सांगितलं’ असा अर्थ होतो आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. ‘प्रोमीझे दि वेनीरे’ चालतं, कारण वचन देणारा स्वतःबद्दलच बोलत असतो.

आता तक्रार. तक्त्यात ‘दोमानी’समोर ‘इल जोर्नो दोपो’ असं ठामपणे छापलेलं असतं, जणू हा अदलाबदलीचा नियमच आहे. तसं नाही. त्याच दिवशी दुपारी मी बायकोला फोनवर सांगितलं ते असं: ‘आ देत्तो के व्येने दोमानी मात्तीना’. काळ बदलला नाही, ‘दोमानी’ही तसाच, कारण त्याचा उद्या आणि आमचा उद्या एकच होता. तिथे ‘सारेब्बे वेनूतो ला मात्तीना दोपो’ म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, कधीची गोष्ट सांगतोयस? रोजच्या बोलण्यात ‘आ देत्तो के वेनीवा’ हे अपूर्ण भूताचं रूपही सर्रास ऐकू येतं. वर्गातल्या चाचणीत त्याला गुण मिळतीलच असं नाही.

‘वेनीरे’चं, म्हणजे येण्याचं, ‘आंदारे’, म्हणजे जाणं, करा, या ओळीचंही तेच. मी घरी राहणारा, प्लंबर माझ्याकडे येणार, म्हणून पत्रात ‘वेनीरे’च राहिलं. घरमालकीणबाई त्यांच्या बहिणीला तीच हकिगत सांगतील तेव्हा ‘सारेब्बे आंदातो दा लोरो’, म्हणजे त्यांच्याकडे जाणार होता, असं म्हणतील. त्यामुळे मी तक्त्याच्या उजव्या बाजूला पेन्सिलीने तीनच प्रश्न लिहून ठेवलेत: सांगतोय कोण, कुठून, आणि मधे किती वेळ गेला? त्यांची उत्तरं मिळाल्यावरच कोणता शब्द बदलायचा ते ठरतं.

सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त हाती आलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिथे ‘दिक्यारा के’, म्हणजे ‘जाहीर करतो की’, ‘क्येदे से’, म्हणजे ‘विचारतो की’, असं सगळं वर्तमानात लिहिलेलं होतं. मुख्य क्रियापदच वर्तमानात असल्यामुळे पुढचे काळ हलवायचा प्रश्नच येत नाही, फक्त सर्वनामं सांभाळायची. लांबलचक लेखी निरोप द्यायचा असेल तर मी आता बहुतेक वेळा हाच मार्ग घेतो: ‘लिद्राउलिको दीचे के ल्यी सि ए रोत्तो इल फुर्गोने’.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी हा तक्ता पाचपैकी साडेचार. इथे राहून निरोप पोचवणाऱ्यांसाठी तीन, आणि त्यातले दोन एकट्या ‘सारेब्बे वेनूतो’च्या ओळीचे.