साधा पुश-अप की पुश-अप प्लस? फरक शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरचा

सोलापूरच्या तालमीत जोर-बैठका मारलेल्या पोरांची छाती दणकट असते, पण पुश-अप करताना एखाद्याच्या खांद्याच्या पात्याची आतली कड पाठीतून वर आलेली दिसते. पातं बरगड्यांना धरून ठेवणारा मुख्य स्नायू म्हणजे सेरेटस अँटेरिअर. तो वरच्या आठ-नऊ बरगड्यांपासून निघून पात्याच्या आतल्या कडेला चिकटतो.

साध्या पुश-अपमध्ये कोपर सरळ झालं की आपण थांबतो. भार मुख्यतः छाती आणि ट्रायसेप्सवर येतो. सेरेटस काम करतो, पण पातं पूर्ण पुढे सरकत नाही.

प्लसमध्ये खरं काम तिथूनच सुरू होतं. कोपर सरळच ठेवून तळहातांनी जमीन आणखी ढकला. पाती एकमेकांपासून दूर, बरगड्यांवरून पुढे सरकतात. दोन सेकंद थांबा, मग कोपर न वाकवता छाती सावकाश खाली सोडा.

बहुतेक जण इथे पाठीला कुबड काढतात किंवा खांदे कानांकडे उचलतात. मग हालचाल मणक्यातून किंवा मानेच्या स्नायूंतून होते. जोडीदाराला दोन पात्यांमध्ये तळहात ठेवायला सांगा. तो हात फक्त पाती सरकवून वर ढकलला गेला पाहिजे.

एखादं पातं उचललं जात असेल, तर आधी भिंतीला हात टेकून प्लस करा, दहा-दहाचे दोन सेट. कड बसलेली राहू लागली की बाकावर, मग जमिनीवर. भिंतीवरही ती ठळक उठत असेल किंवा हात डोक्यावर जात नसेल, तर डॉक्टरांकडून या स्नायूला चालवणारी नस तपासून घ्या. फक्त व्यायाम वाढवू नका.