बँक खाते बदलल्याचे ग्राहकांना कसे कळवावे: एकच ई-मेल की दोन टप्पे?

कॅश क्रेडिटची मर्यादा दुसऱ्या बँकेकडे गेली की जुन्या खात्यात येणारी वसुली नव्या खात्यात वळवावी लागते. भोसरीतील आमच्या सुट्या भागांच्या कारखान्यावर ही वेळ आली, तेव्हा दोन मार्ग समोर होते.

पहिला मार्ग सोपा होता: लेटरहेडवर पत्र टाइप करायचे, सही-शिक्का मारायचा, रद्द केलेला धनादेश जोडायचा आणि सर्वांना ई-मेल करायचा. अडचण अशी की फसवणूक करणाराही नेमके हेच पाठवतो. लेटरहेड जुन्या बिलावरून उचलता येते आणि ई-मेल पत्त्यातल्या m च्या जागी rn टाकले, तर घाईत असलेल्या लेखापालाच्या नजरेला ते सहसा दिसत नाही. शिवाय आपला असा ई-मेल एकदा गेला की पुढचा बनावट ई-मेल त्याचीच सुधारित प्रत वाटतो.

दुसरा मार्ग दोन टप्प्यांचा आहे आणि आम्ही मोठ्या ग्राहकांसाठी तोच घेतला. आधी महिनाभर फक्त पूर्वसूचना द्यायची. तिच्यात खाते क्रमांक नसतो, तर खाते अमुक तारखेपासून बदलेल, तपशील स्पीड पोस्टनेच येईल आणि तो आल्यावर आमच्या पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर तुमच्या जुन्या खरेदी आदेशावर असलेल्या आमच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी, एवढेच लिहिलेले असते. पुढे टपालाने तपशील मिळाल्यावर ग्राहकाने 1 रुपया पाठवावा आणि आम्ही तो जमा झाल्याचे यूटीआर क्रमांकासह फोनवर सांगितल्यावरच उरलेली रक्कम सोडावी.

या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य घाई काढून टाकणारे आहे: «जुने खाते आणखी तीन महिने चालू राहील, खात्री होईपर्यंत तेथेच पैसे भरावेत.» ठगाला हे लिहिणे परवडत नाही, कारण त्याला पैसे आजच हवे असतात. अर्थात हे वाक्य लिहायचे तर जुने खाते खरोखर चालू ठेवावे लागते, आणि त्यासाठी जुन्या बँकेशी आधी बोलून घ्यावे लागते.

एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम मुख्यतः खाते क्रमांकावरच जमा होत आली आहे. रिझर्व्ह बँकेने 30 डिसेंबर 2024 रोजी बँकांना पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थ्याचे नाव दाखवण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत देण्यास सांगितले. ग्राहकाला ते नाव जरूर वाचायला सांगावे, मात्र मिळत्याजुळत्या नावाने उघडलेले खाते त्यातून निसटू शकते, त्यामुळे फोन टाळता येत नाही.

वर्षातून एखादे लहान बिल भरणाऱ्यांसाठी मात्र दोन टप्प्यांचा खटाटोप जास्त होतो. त्यांना पुढच्या बिलावर नवा तपशील छापून, सोबत फोनची सूचना दिली तरी पुरते. आणि एखाद्याचे पैसे चुकीच्या खात्यात गेलेच, तर त्याने पत्रव्यवहारात वेळ न घालवता लगेच आपल्या बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवावे, हेही पत्राच्या तळाशी छापावे.